माटोळीवर वीस मिनिटं: परदेशातल्या मंडळात मराठी-इंग्रजी भाषण कसं बांधावं

चवथीच्या दिवसांत परदेशातल्या मराठी मंडळांकडून गोव्यातल्या माणसांना बोलावणी येतात. कधी कीर्तनकाराला, कधी नाट्यकर्मीला, कधी मुलाकडे दोन-तीन महिन्यांसाठी गेलेल्या निवृत्त शिक्षकांना. "गोव्याच्या चवथीबद्दल वीसेक मिनिटं बोला. थोडं इंग्रजीतही बोला, मुलं असतात," एवढंच सांगितलेलं असतं. यातलं 'थोडं इंग्रजीतही' म्हणजे नेमकं किती, कुठे आणि कसं, हे वक्त्याने घरूनच ठरवून जायचं असतं. व्यासपीठावर उभं राहून ते ठरवता येत नाही.

ठरवलं नसलं तर एक वाक्य मराठीत आणि लगेच तेच इंग्रजीत, अशी सवय आपोआप लागते. वक्त्याला हा मार्ग सुरक्षित वाटतो, कारण कुणी वगळलं जात नाही. पण हिशेब करून पाहा. वीस मिनिटांत दहा मिनिटांचाच मजकूर बसतो. त्यातही दोन्ही भाषा येणारे श्रोते सभागृहात बहुधा सगळ्यांत जास्त असतात आणि त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकावी लागते. पाचव्या मिनिटाला त्यांचं लक्ष उडतं. केवळ इंग्रजी समजणाऱ्यांना तोवर कळलेलं असतं की मराठी वाक्याच्या मागून इंग्रजी येणारच आहे, म्हणून मराठी चालू असताना ते मोबाइलकडे पाहतात. हशासुद्धा दोन हप्त्यांत येतो आणि दोन्ही वेळा अर्धाच.

यावर उपाय म्हणजे भाषांतर सोडून द्यायचं आणि मजकुराची वाटणी करायची. काही गोष्टी फक्त मराठीत, काही फक्त इंग्रजीत, आणि अगदी मोजक्या दोन्हींत. हे कसं जमवायचं ते दाखवण्यासाठी या लेखात एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे: माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं-भाज्या बांधलेली लाकडी चौकट. गोव्याच्या चवथीतली ही सगळ्यांत वेगळी गोष्ट आहे, ती चित्रात चटकन दाखवता येते, आणि तिच्यातल्या निम्म्या वस्तूंना इंग्रजीत रोजच्या वापरातलं नावच नाही. म्हणजे अडचणीही सगळ्या एकाच ठिकाणी सापडतात.

आधी सभागृह समजून घ्या

आयोजकांना 'किती लोक येतील' हे विचारून फारसं हाती लागत नाही. तीन प्रश्न विचारा. मराठी अजिबात न समजणारे किती, म्हणजे सुना, जावई, शेजारी, मुलांचे मित्र? इंग्रजी अजिबात न समजणारे किती, म्हणजे गावाहून आलेले आजी-आजोबा? आणि मुलं घरात कुणाशी मराठी बोलतात का?

तिसरं उत्तर फार कामाचं असतं. तिकडे जन्मलेल्या पुष्कळ मुलांना मराठी समजतं, पण ते स्वयंपाकघरातलं मराठी असतं. 'जेवायला चल', 'वर चढू नकोस', 'बांध घट्ट' हे त्यांना कळतं. 'परंपरा', 'वनस्पती', 'निसर्गाप्रति कृतज्ञता' हे कळत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. अशा जुन्या मंडळात तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुलंही समोर असू शकतात. त्यांच्यासाठी इंग्रजी वाढवण्याआधी आपलं मराठी घरगुती करून पाहा. 'माटोळीसाठी लागणाऱ्या वनस्पती संकलित केल्या जातात' या वाक्याच्या जागी 'माटोळीला बांधायला रानातून फळं आणतात' म्हटलं की तेच मूल मान डोलावतं, आणि तेवढं इंग्रजी वाचतं.

गोव्याच्या वक्त्याला आणखी एक भान ठेवावं लागतं. आपल्याकडे घरात कोंकणी आणि पूजा, कीर्तन, नाटक, वर्तमानपत्र मराठीत, असं अनेकांचं असतं. मंडळात पुण्या-नागपूरचे, कोल्हापूरचे लोक असतात. त्यांना मराठी उत्तम येतं, पण शिंपूट, कांगलां, कवंडळ हे माटोळीच्या वस्तूंचे शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलेले नसतात. माटोळी म्हणजे काय हेही त्यातल्या अनेकांना माहीत नसतं. म्हणजे मराठी समजणारे सगळे एका जागी उभे आहेत असं धरून चालता येत नाही. कोंकणी ही तिसरी वाट उघडू नका. ती वस्तूंच्या नावांपुरती आणि शेवटच्या 'देव बरें करूं'पुरती ठेवा. घाईत किंवा भावनेच्या भरात जीभ आपसूक कोंकणीकडे वळते, तेव्हा या मर्यादेचा उपयोग होतो.

काय कोणत्या भाषेत

मजकूर कागदावर मुद्द्यांनी मांडा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर एकच प्रश्न विचारा: हे कळलं नाही तर पुढचं कळेल का? कळणार नसेल तर तो मुद्दा दोन्ही भाषांत येईल. वीस मिनिटांच्या भाषणात असे मुद्दे तीन-चारच निघतात, आणि त्याहून जास्त निघाले तर विषय फार पसरला आहे असं समजावं. माटोळीच्या भाषणात ते असे: माटोळी ही गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट असते. तिला पावसाळ्यात पिकणारी फळं, भाज्या आणि रानातल्या वस्तू बांधतात. आणि त्यातल्या कित्येक वस्तू आता सहज मिळत नाहीत.

उरलेल्याची वाटणी करताना कोणत्या श्रोत्याला काय आधीच ठाऊक आहे ते पाहा. गणपतीची मूर्ती, आरती, नैवेद्य यांबद्दलचं प्राथमिक स्पष्टीकरण मराठी श्रोत्यांना नको असतं, ते फक्त इंग्रजीत द्या. मराठी माणसांना ते दुसऱ्या भाषेत आणि थोडक्यात ऐकताना कंटाळा येत नाही, कारण तेच त्यांनी आत्ताच मराठीत ऐकलेलं नसतं. उलट बाकावर चढून चौकट बांधणारा काका, खालून फळं देणारी मुलं, फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारात चवथीच्या आदल्या दिवसांत मांडलेले माटोळीच्या सामानाचे ढीग, हे मराठीत सांगा. तिथे बोलीची लय लागते आणि इंग्रजीत त्याचं निवेदन होऊन बसतं. इंग्रजी श्रोत्यांना त्या वेळी छायाचित्र सांभाळून घेतं.

प्रमाणाबद्दल ठाम आकडा सांगता येत नाही, पण निम्म्याहून जास्त सभा मराठी समजणारी असेल तर मराठी साठ आणि इंग्रजी चाळीस ही सुरुवात ठीक पडते. प्रमाणापेक्षा सलग वेळ महत्त्वाचा. कुठल्याही एका भाषेत दीड मिनिटाहून जास्त सलग बोललात की दुसऱ्या गटाचे श्रोते सुटायला लागतात, आणि एकदा सुटलेले परत आणायला त्याहून जास्त वेळ लागतो. दुसऱ्या टोकाला, वीस सेकंदांच्या आत भाषा बदलत राहिलात तर कुणालाच बूड टेकायला मिळत नाही. चाळीस ते नव्वद सेकंदांचे तुकडे बोलायला आणि ऐकायला सोयीचे.

व्यासपीठावर सावकाश बोललेलं मराठी मिनिटाला सुमारे शंभर शब्द आणि इंग्रजी सुमारे एकशेवीस शब्द होतं. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब आणि संख्येने कमी असतात. तरीही आपला वेग आपणच घड्याळ लावून मोजावा. वीस मिनिटं दिली असतील तर सोळा मिनिटांचाच मजकूर तयार करा. माटोळीचं भाषण असं बसतं: सुरुवात दीड मिनिट, माटोळी म्हणजे काय तीन मिनिटं, तिला काय बांधतात आणि ते कुठून येतं पाच मिनिटं, बाजार आणि बदललेले दिवस साडेतीन मिनिटं, परदेशात माटोळी कशी बांधता येईल दोन मिनिटं, समारोप एक मिनिट. उरलेली चार मिनिटं थांबे, टाळ्या आणि उशिरा सुरू झालेला कार्यक्रम खातो.

सांधा

भाषण अडखळतं ते भाषा बदलते त्या जागी, म्हणून सगळ्यांत जास्त काम तिथे करायचं.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागे. त्यामुळे वाक्याच्या मध्यावर भाषा बदलली की एका भाषेचं क्रियापद हरवतं. 'आम्ही ती चौकट आढ्याला…' असं म्हणून इंग्रजीत शिरलात तर श्रोता 'टांगतो' या शब्दाची वाट पाहत राहतो आणि पुढचं इंग्रजी वाक्य त्याच्या कानावरून निघून जातं. भाषाशास्त्रज्ञ शाना पोपलॅक यांनी १९८० साली न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांच्या स्पॅनिश-इंग्रजी बोलण्याचा अभ्यास करून दाखवलं की सराईत दुभाषिक माणसं साधारण अशाच जागी भाषा बदलतात जिथे दोन्ही भाषांची शब्दांची मांडणी जुळते. मराठी आणि इंग्रजीत अशा जागा वाक्याच्या आत थोड्याच आहेत. म्हणून भाषणात नियम सोपा ठेवा: भाषा पूर्णविरामावर बदलायची. एकटं नाम याला अपवाद. 'फ्रेमला', 'फ्रीजमध्ये' असं इंग्रजी नाम मराठी वाक्यात खुशाल येऊ दे, आणि माटोळी, कवंडळ ही नामं इंग्रजी वाक्यात.

दुसरी गोष्ट गाठीच्या शब्दाची. मराठी तुकडा ज्या नामावर संपतो, त्याच नामाने इंग्रजी तुकडा सुरू करा. तो शब्द दोन्ही गटांना ओळखीचा असला की श्रोत्याला धागा सापडतो आणि 'म्हणजे' किंवा 'सो, बेसिकली' म्हणण्याची गरज पडत नाही. हे 'म्हणजे' फार घातक. त्यापुढे भाषांतर येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ज्यांना आधीच कळलेलं असतं ते तिथेच ऐकणं थांबवतात.

आता माटोळी म्हणजे काय हा तुकडा दोन प्रकारे पाहू. इथे वाचायच्या सोयीसाठी इंग्रजी वाक्यंही देवनागरीत दिली आहेत. अडखळणारा प्रकार असा:

"माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. माटोळी इज अ वुडन फ्रेम हंग अबव्ह गणपती. तिला आम्ही फळं, भाज्या आणि रानातल्या वस्तू बांधतो. वुई टाय फ्रूट्स, व्हेजिटेबल्स अँड थिंग्ज फ्रॉम द फॉरेस्ट टू इट. या वस्तू केवणीच्या दोराने बांधतात. दीज आर टाइड विथ अ रोप मेड फ्रॉम बार्क."

सहा वाक्यं झाली आणि माहिती तीनच वाक्यांची. आता वाटणी केलेला प्रकार:

"गणपतीच्या वर, आढ्याला टांगलेली ही लाकडी चौकट बघा. चवथीच्या आधी घरातलं कुणीतरी बाकावर चढतं आणि खालून मुलं एकेक वस्तू वर देतात. नारळ दे. सुपारीचं शिंपूट दे. तोरिंग सांभाळ, जड आहे. सगळं केवणीच्या दोराने बांधायचं, आणि बांधून झालं की तयार होते ती माटोळी."

इथे थांबा. मग:

"माटोळी. अ वुडन फ्रेम अबव्ह गणपती, अँड एव्हरीथिंग ऑन इट ग्रोज इन ऑर अराउंड अ गोवन व्हिलेज इन द रेन्स. नो नेल्स, नो वायर. द रोप इज बार्क, फ्रॉम अ श्रब इन द सेम फॉरेस्ट. सम ऑफ दीज फ्रूट्स वुई ईट. सम वुई डोन्ट. लुक अॅट द रेड वन ऑन द लेफ्ट. इट्स कॉल्ड कवंडळ."

पुन्हा थांबा. मग:

"कवंडळ खात नाहीत. ते फक्त माटोळीसाठी. आणि ते हवं असेल तर रानातली वेल कुठे आहे हे माहीत असणारा माणूस लागतो."

चौकट आणि तिचं स्थान दोन्ही भाषांत आलं, कारण ते पुढच्या सगळ्याचा पाया आहे. बाकावर चढणं फक्त मराठीत आलं. 'खिळे नाहीत, तार नाही' हे फक्त इंग्रजीत आलं. दोन्ही भाषा येणाऱ्याला प्रत्येक तुकड्यात नवं काहीतरी मिळालं, आणि मराठी तुकड्यातली 'दे', 'सांभाळ' ही वाक्यं मुलांनाही कळली. गाठीचे शब्द दोन: माटोळी आणि कवंडळ. त्यांना इंग्रजी प्रतिशब्द दिलेला नाही. तोरिंगाला पॉमेलो आणि निरफणसाला ब्रेडफ्रूट म्हणता येतं, आणि ज्या देशात ती फळं दुकानात मिळतात तिथे एकदा जरूर म्हणा. कांगलां किंवा कवंडळ यांची शास्त्रीय नावं सांगून मात्र सभेला काही मिळत नाही. नाव तसंच ठेवा आणि बोट चित्राकडे करा.

थांबा मोजून घ्यावा लागतो. भाषा बदलताना मनातल्या मनात 'एक, दोन' म्हणा आणि तेवढ्यात नजर त्या भाषेच्या श्रोत्यांकडे न्या. आजी-आजोबा बहुधा पुढच्या रांगेत असतात, मुलं बाजूला किंवा मागे. नजर आधी आणि शब्द मागून गेले की श्रोत्याचा कान तयार होतो. माइक स्टँडवर असेल तर फक्त मान वळवा, शरीर नको, नाहीतर नेमका नव्या भाषेचा पहिला शब्द माइकबाहेर जातो, आणि तोच गाठीचा शब्द असतो.

आधी समज, मग मूळ ओळ

अभंगाची ओळ, आरतीचं कडवं, म्हण किंवा विनोद मराठीत म्हणून मग त्याचा अर्थ इंग्रजीत सांगायचा, हा क्रम उलटा करा. आधी इंग्रजीत एका वाक्यात प्रसंग सांगा आणि मग मूळ ओळ म्हणून तिथेच थांबा. इंग्रजी श्रोता ती ओळ अर्थ ठाऊक असताना ऐकतो. मराठी श्रोत्याला ती तुकडे न होता मिळते आणि तिच्यामागून स्पष्टीकरणाचं शेपूट येत नाही. सभेतली टाळी किंवा शांतता एकाच क्षणी येते. गोव्याच्या घुमट-आरतीची ध्वनिफीत ऐकवायची असेल तेव्हाही हेच करा. घुमट हे मातीच्या घड्याच्या तोंडाला कातडं ताणून बसवलेलं वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यावर बंदी असल्यामुळे आता बकरीचं लावतात. हे इंग्रजीत तीस सेकंदांत सांगा, मग आवाज सोडा, आणि आवाज थांबल्यावर थेट मराठीत पुढे चला.

शब्दांच्या कोटीवर उभा असलेला विनोद मात्र फक्त मराठीत करा आणि त्याचा अर्थ सांगू नका. इंग्रजी श्रोत्यांची त्याला हरकत नसते. आपण हसत नाही आहोत याची जाहीर आठवण करून दिलेली त्यांना खुपते. असा विनोद भाषणात एकच ठेवा आणि त्याच्या लगेच पुढचा तुकडा इंग्रजी ठेवा.

आकडे

दोन भाषांत बोलताना जीभ हटकून घसरते ती आकड्यांवर. मराठीत 'एकसष्ट' म्हणताना एकम आधी येतं, इंग्रजीत दशक आधी, आणि भाषा नुकतीच बदललेली असली की एकसष्टचे सोळा होतात. गोव्याच्या भाषणात १९ डिसेंबर १९६१ ही मुक्तीची तारीख आणि ३० मे १९८७ हा घटकराज्याचा दिवस कुठेतरी येतातच. कागदावर ते आकड्यांत लिहू नका, ज्या भाषेत म्हणणार त्या भाषेच्या अक्षरांत लिहा. मुलांना मराठी अंक वीस-तीसच्या पुढे सहसा कळत नाहीत, म्हणून मराठी तुकड्यात आलेला महत्त्वाचा आकडा पडद्यावर दाखवा. सगळ्यांत बरं म्हणजे भाषा बदलल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात आकडा ठेवूच नका.

कागद आणि पडदा

भाषणाच्या कागदावर मराठी देवनागरीत आणि इंग्रजी रोमन लिपीत लिहा. लिपी बदललेली दिसली की डोळा तोंडाला आधीच सावध करतो. दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या तर सांधा आला हे उच्चारताना कळतं, आणि तिथेच ततपप होतं. प्रत्येक तुकडा वेगळ्या परिच्छेदात, गाठीचा शब्द ठळक, आणि थांब्याच्या जागी एक रिकामी ओळ. एका पानावर एक विभाग ठेवा. विभाग दोन पानांवर गेला की पान उलटणं नेमकं सांध्यावर येतं.

पडद्याचा नियम: तोंडात जी भाषा नाही ती पडद्यावर. मराठी बोलत असताना चित्राखाली पाच-सहा शब्दांची इंग्रजी ओळ, इंग्रजी बोलत असताना मराठी. म्हणजे कुठलाही श्रोता एका क्षणासाठीही पूर्ण तुटत नाही. दोन्ही भाषांत पूर्ण वाक्यं टाकू नका, लोक वाचत बसतात. वस्तूंची नावं मात्र दोन्ही लिप्यांत असू द्या, कारण तिकडच्या मुलांना कवंडळ हा शब्द ऐकून लक्षात राहत नाही, वाचून राहतो.

देवनागरी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर मोडतात हा नेहमीचा अनुभव. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी होतात किंवा अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. ज्या फाँटमध्ये तुम्ही टाइप केलं तो तिथे नसतो, म्हणून हे घडतं. फाइल PDF करून पाठवा. PowerPoint मध्येच दाखवायची असेल तर विंडोजवर File, मग Options, मग Save इथे जाऊन Embed fonts in the file वर खूण करा. सभागृहात पोचल्यावर 'श्री' आणि 'कार्यक्रम' हे शब्द असलेलं पान उघडून पाहा. ते नीट दिसले तर बाकीचं दिसेल.

खरं शिंपूट किंवा कवंडळ बॅगेतून नेऊन दाखवण्याचा मोह आवरा. ताजी फळं आणि झाडाचे भाग आणण्यावर अनेक देशांत कडक नियम आहेत, ऑस्ट्रेलियात तर फारच. विमानतळावर ती काढून घेतली जातात आणि दंडही होऊ शकतो. मोठं, स्वच्छ छायाचित्र पुरतं.

सराव दोन श्रोत्यांसमोर

पाठ झाल्यावर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि ते कागद हातात न घेता ऐका. प्रत्येक सांध्याची वेळ टिपा. दोन सांध्यांमधलं अंतर नव्वद सेकंदांपेक्षा जास्त निघालं तर तिथे दुसऱ्या भाषेचं एखादं वाक्य बसवावं लागेल. सांध्याजवळ 'अं', 'म्हणजे', 'सो' ऐकू आलं तर गाठीचा शब्द बरोबर नाही असं समजा आणि तेवढाच भाग पुन्हा लिहा.

मग दोन माणसं गाठा: एक फक्त मराठी समजणारं, एक मराठी अजिबात न समजणारं. पणजी, मडगाव, फोंडा, कुठेही राहत असलात तरी परप्रांतातून आलेला शेजारी किंवा सहकारी मिळतोच. दोघांना वेगवेगळं विचारा, "मी काय सांगितलं ते मला सांगा." दोघांच्या सांगण्यात ते तीन-चार पायाचे मुद्दे आले पाहिजेत. बाकीचं वेगवेगळं असेल तर चालेल, तशी वाटणीच आहे. 'कवंडळ सगळीकडे लावतात का?' असं इंग्रजी श्रोत्याने विचारलं तर तो ऐकत होता. 'ते मध्ये काय बोललात?' असं विचारलं तर त्या मराठी तुकड्याच्या आधीचा इंग्रजी सांधा कच्चा आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात

मंडळाच्या कार्यक्रमाला उशीर होतो आणि वीस मिनिटांची बारा होतात. म्हणून प्रत्येक विभाग दोन्ही भाषांसह पूर्ण असू द्या, म्हणजे अख्खा विभाग उचलून बाजूला ठेवता येतो. माटोळीच्या भाषणात बाजाराचा आणि परदेशातल्या माटोळीचा विभाग सलग काढला तर साडेपाच मिनिटं वाचतात आणि कुठल्याच गटाचा वाटा बुडत नाही. बाजाराच्या विभागातलं 'आता सहज मिळत नाही' हे वाक्य मात्र दोन्ही भाषांत समारोपात घ्या, कारण तो पायाचा मुद्दा आहे. घाईत प्रत्येक विभागातलं इंग्रजी तेवढं गाळण्याचा मोह होतो. तसं केलंत तर मागच्या रांगा पाच मिनिटांत रिकाम्या होतील.

बोलता बोलता चुकीच्या भाषेत वाक्य सुरू झालं तर मध्येच तोडू नका. ते वाक्य त्याच भाषेत पूर्ण करा, थांबा घ्या आणि ठरलेल्या भाषेत पुढच्या वाक्यापासून चला. 'सॉरी, मराठीत सांगतो' असं म्हटलं की मुद्द्यावरचं लक्ष भाषेवर जातं.

शब्द आठवला नाही तर तो वर्णन करून सांगा, दुसऱ्या भाषेतून उसना घेऊ नका. 'केवणीचा दोर' इंग्रजीत सांगताना 'बार्क' आठवलं नाही, तर 'द स्किन ऑफ द स्टेम' म्हणून पुढे जा.

गोव्यातूनच व्हिडिओवर बोलणार असाल तर तुकडे थोडे लांब ठेवा, साठ ते नव्वद सेकंद. आवाज उशिरा पोचतो आणि समोरचा हशा ऐकू येत नाही, त्यामुळे भराभर भाषा बदलली की सगळं विस्कटतं. पडद्यावरच्या ओळी तिथे दुप्पट कामाच्या ठरतात. वेळेचा हिशेब आधी लिहून घ्या: सप्टेंबरात लंडनला संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात.

प्रश्नोत्तरांत वाटणीचा नियम बदलतो. प्रश्न कोणत्याही भाषेत आला तरी तो दुसऱ्या भाषेत एका वाक्यात सगळ्यांना सांगा, आणि उत्तर विचारणाऱ्याच्या भाषेत द्या. उत्तर मिनिटाच्या आत संपलं तर दुसऱ्या भाषेत काही सांगू नका, त्याहून लांबलं तर शेवटचं एक वाक्य दुसऱ्या भाषेत म्हणा. मुलाने अडखळत मराठीत विचारलं तर त्याला मराठीतच उत्तर द्या, छोट्या वाक्यांत. चटकन इंग्रजीत वळलात तर त्याला वाटतं की आपलं मराठी यांना कळलं नाही, आणि बाकीची मुलं हात वर करत नाहीत. आजींनी लांबलचक आठवण सांगायला घेतली तर तोडू नका. त्या बसल्यावर त्यातली एक गोष्ट इंग्रजीत सांगा, 'शी टाइड हर फर्स्ट माटोळी अॅट टेन,' एवढीच, आणि पुढचा प्रश्न घ्या.